धागा: एकच तिकीट अकरा वेळा हात बदलतं, तेव्हा दोष नक्की कुणाचा धरायचा?

चिंचोळीकर

नमस्कार मंडळी. चिंचोळी एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात मी आयटी बघतो. "बघतो" म्हणजे आम्ही चौघं आहोत, त्यातला मी वयानं मोठा, म्हणून बोलणी खायला पुढे. तक्रारी तिकीट सॉफ्टवेअरवर येतात. हेल्पडेस्क तक्रार घेतं आणि ईआरपी, हार्डवेअर, मेंटेनन्स अशा संघांकडे देतं, आणि संघाला वाटलं तर तो पुढे दुसऱ्याकडे देतो.

परवा साहेबांनी तिकीट क्र. ४१२७ समोर टाकलं. तक्रार एका ओळीची: "पॅकिंगच्या कार्टन लेबलवर वजन ०.०० येतंय." उघडल्यापासून बंद होईपर्यंत १९ दिवस. मी इतिहास काढला तर प्रवास असा निघाला:

हेल्पडेस्क, ईआरपी, हार्डवेअर, मेंटेनन्स, हार्डवेअर, ईआरपी, हार्डवेअर, पॅकिंग, ईआरपी, मेंटेनन्स, ईआरपी, हार्डवेअर.

अकरा वेळा हात बदलले. तोवर पॅकिंगच्या बायका काट्यावरचा आकडा बघून स्केचपेननं कार्टनवर वजन लिहीत होत्या आणि संध्याकाळी एक मुलगा ते सगळं पॅकिंग लिस्टमध्ये टाइप करत होता. एका लॉटमध्ये ग्रॉस वजन चुकलं, तेव्हा साहेबांना तिकीट आठवलं.

आता साहेबांना यादी हवी आहे. "कोण सारखं दुसऱ्याच्या अंगावर ढकलतो ते नावासकट काढ." मी मागच्या सहा महिन्यांची १,३८० तिकिटं घेतली आणि प्रत्येकाचे हात किती वेळा बदलले ते मोजलं. यादीत सगळ्यात वर जी तिकिटं आली त्यातली निम्मी मला चुकीची वाटत नाहीत. नवीन मशीन बसवताना तिकीट हेल्पडेस्ककडून खरेदीकडे, तिथून हार्डवेअरकडे, मग ईआरपीकडे जाणारच. मग खरं ढकलणं आणि रीतसर पुढे देणं आकड्यात वेगळं कसं काढायचं? कुणी केलंय का हे?

---

आसरा_चौक

मालक, सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं वेटिंग तिकीट आधी कन्फर्म दाखवतं आणि मग फिरतं, तसलं काही आहे का? माझं गेल्या महिन्यात झालं होतं. चार्ट लागल्यावर बघायचं, आधी विश्वास ठेवायचा नाही.

---

चिंचोळीकर

नाही ओ, रेल्वेचं तिकीट नाही. तक्रारीचं. पण वेटिंगवर राहण्यात आमची पॅकिंगवाली मंडळीसुद्धा तुमच्याच बोगीत आहेत.

---

निवृत्त_कारखानीस

तीस वर्षं साखर कारखान्यात काढली म्हणून सांगतो. उपाय सोपा आहे. तीन वेळा हात बदलला की तिकीट आपोआप मॅनेजरकडे. आणि ज्याच्याकडून चौथ्यांदा पुढे गेलं त्याच्या नावावर लाल शेरा. आमच्याकडे बॉयलरची तक्रार मिलकडे, मिलची बॉयलरकडे असा खेळ चालायचा. मी दोघांना एकत्र उभं केलं, महिन्यात बंद झाला. माणसाला भीती नसेल तर तो ढकलणारच.

---

मीनलताई

चिंचोळीकर, मी पुण्यात एका सर्व्हिस डेस्कवर अकरा वर्षं होते. आता वडिलांसाठी परत सोलापुरात आले आहे. तुमचा प्रश्न बरोबर आहे. नुसते हात मोजले की रीतसर गेलेलं तिकीट आणि चेंडूसारखं फिरलेलं तिकीट एकाच पाटीत पडतं.

किती वेळा गेलं यापेक्षा किती वेळा परत आलं ते मोजा. एखाद्या संघानं तिकीट सोडलं आणि नंतर ते त्याच संघाकडे आलं, तर ते एक परत येणं. तुमच्या ४१२७ मध्ये इतिहासात एकूण १२ नोंदी आहेत, पण वेगवेगळे संघ फक्त ५. बारा वजा पाच, म्हणजे सात वेळा ते अशा दारात गेलं जिथे ते आधीच जाऊन आलं होतं. तुमच्या नव्या मशीनच्या तिकिटात चार नोंदी, चार संघ, परत येणं शून्य. दोन्ही आता आपोआप वेगळी झाली.

टेबलाची आणि रकान्यांची नावं तुमच्याकडची घाला:

```sql
SELECT ticket_id,
       COUNT(*) - 1 AS hops,
       COUNT(*) - COUNT(DISTINCT to_team) AS back_count
FROM owner_log
WHERE from_team IS NULL OR from_team <> to_team
GROUP BY ticket_id
HAVING COUNT(*) - COUNT(DISTINCT to_team) >= 2
ORDER BY back_count DESC;
```

`WHERE` ची ओळ विसरू नका. एकाच संघात सकाळच्या पाळीवाल्यानं रात्रीच्या पाळीवाल्याला दिलं, किंवा कुणी सुटीवर गेला म्हणून शेजाऱ्याकडे गेलं, ते ढकलणं नाही. पहिली नोंद मात्र तुमच्या लॉगमध्ये असायला हवी, म्हणजे तिकीट उघडताना `from_team` रिकामं असलेली ओळ. काही सॉफ्टवेअर ती लिहीतच नाहीत. तसं असेल तर पहिला संघ मोजणीतून गळतो आणि त्याच्याकडे परत गेलेलं तिकीट नवीन दारात गेल्यासारखं दिसतं.

एकदा परत येणं मी सोडून दिलं आहे. ते कुणाकडूनही होतं. दोन किंवा जास्त असेल तेच घ्या.

---

ऋतुजा_एचजे

आमच्या कंपनीत जिरा हे तिकीट सॉफ्टवेअर आहे. तिथे `assignee CHANGED` असं शोधता येतं ना? मग एवढं एसक्यूएल कशाला?

---

मीनलताई

ऋतुजा, त्यानं बदल झाला की नाही एवढंच कळतं, किती वेळा झाला ते कळत नाही. मोजायचं असेल तर प्रत्येक तिकिटाचा इतिहास `expand=changelog` लावून एपीआयमधून ओढावा लागतो आणि मोजणी बाहेर करावी लागते. शिवाय `assignee` म्हणजे माणूस. संघ हवा असेल तर माणसावरून संघ जोडायचं एक कोष्टक लागतं, आणि कोण कधी कुठल्या संघात होतं याची तारीखही लागते. नाहीतर बदली झालेला माणूस मागच्या सगळ्या तिकिटांसकट नव्या संघात जाऊन बसतो.

---

पूर्वभाग_व्यंकटेश

तुमचं सॉफ्टवेअरचं मला कळत नाही, पण प्रकार ओळखीचा आहे. आमच्या गल्लीत यंत्रमागाच्या शेडसमोर रस्त्यात पाणी वर यायला लागलं. एका कार्यालयात ऑनलाइन तक्रार टाकली. पाण्यावाल्यांनी लिहिलं, "ड्रेनेजचा विषय, संबंधित विभागाकडे वर्ग." ड्रेनेजवाल्यांनी लिहिलं, "पाणी स्वच्छ आहे, पाणीपुरवठ्याकडे वर्ग." मग रस्तेवाल्यांकडे, कारण खड्डा रस्त्यात. पाच वेळा वर्ग झाली आणि दर वेळी माझ्या मोबाइलवर मेसेज, "आपल्या तक्रारीवर कार्यवाही करण्यात आली आहे."

काही दिवसांआड नळाला पाणी येणारं आपलं गाव, आणि ते पाणी रस्त्यात. शेवटी शेजारच्या काकांनी दोन्ही खात्यांच्या माणसांना एकाच दिवशी चहाला बोलावलं. दोघं एका खड्ड्यासमोर उभे राहिले. नळाचं कनेक्शन चेंबरच्या भिंतीतून गेलं होतं आणि भिंतीच्या आत फुटलं होतं. म्हणजे पाणी एकाचं आणि भिंत दुसऱ्याची.

---

चिंचोळीकर

व्यंकटेशराव, ४१२७ चा शेवटसुद्धा असाच झाला, फक्त चहाऐवजी पॅकिंगच्या शेडमधला धुरळा होता. सांगतो.

आमच्या काट्याच्या डिस्प्लेमधून आरएस-२३२ केबल निघते, ती यूएसबी कन्व्हर्टरला, तो पीसीला. पीसीवर एक छोटा प्रोग्रॅम वजन वाचतो आणि ईआरपीच्या लेबलच्या खिडकीत टाकतो. कुठल्या पोर्टवरून वाचायचं ते एका ini फाइलमध्ये लिहिलेलं आहे. तिथे होतं `COM3`.

कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावण्यासाठी कन्व्हर्टर काढला आणि नंतर शेजारच्या भोकात घातला. विंडोजनं त्याला `COM5` दिलं. प्रोग्रॅम `COM3` उघडायला जातो, उघडत नाही, आणि ओरडण्याऐवजी गुमान ०.०० लिहितो.

आता प्रत्येकानं काय तपासलं बघा. हार्डवेअरच्या पोरानं PuTTY उघडून `COM5` वर वजन बघितलं, बरोबर येत होतं. त्यानं लिहिलं, "पोर्ट ओके, ईआरपी तपासा." ईआरपीवाल्यानं आपल्या टेबलावरच्या टेस्ट पीसीवर लेबल काढलं, बरोबर आलं. "सॉफ्टवेअर ओके, हार्डवेअर बघा." मेंटेनन्सनं काट्यावर वीस किलोचं प्रमाण वजन ठेवलं. "काटा ओके." कुणीच खोटं बोललं नाही. पॅकिंगकडे तिकीट का गेलं ते मात्र आजही गूढ आहे, त्यांनीच तर तक्रार केली होती.

एकोणिसाव्या दिवशी हार्डवेअर आणि ईआरपीची दोन पोरं एकाच वेळी त्या काट्यासमोर उभी राहिली. वीस मिनिटं. एकानं डिव्हाइस मॅनेजर उघडला, दुसऱ्यानं ini फाइल.

---

केबलवाला

हे मी महिन्यातून दोनदा बघतो. काटे बसवायचं काम करतो, सोलापूर ते बार्शी. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये बऱ्याचदा स्वतःचा सीरियल नंबर नसतो. त्यामुळे विंडोज त्याला चेहऱ्यानं ओळखत नाही, कुठल्या भोकात घातला त्यावरून ओळखतं. भोक बदललं की नवा `COM` नंबर. सीरियल नंबर असलेला कन्व्हर्टर घेतला तर तो कुठल्याही भोकात तोच नंबर ठेवतो. थोडा महाग पडतो. नाहीतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन नंबर `COM3` करून द्या आणि त्या भोकाशेजारी लाल टेप लावा.

माझा अनुभव असा की आम्हाला, म्हणजे काटेवाल्यांना, सगळ्यात आधी फोन येतो आणि काटा कधीच बिघडलेला नसतो.

---

ईआरपीतला_गरीब

दुसऱ्या बाजूनं बोलतो. आमच्याकडे (दुसरी कंपनी, अक्कलकोट रोड) असली तिकिटं रोज येतात. "ईआरपीत आकडा चुकीचा दिसतो." दिसतो ईआरपीत, म्हणून तिकीट ईआरपीचं! स्क्रीनवर जे दिसतं ते सगळं आमच्या नावावर. आम्ही परत पाठवलं की आम्ही ढकलणारे. हेल्पडेस्कनं आधी चार प्रश्न विचारले तर निम्मी तिकिटं फिरणारच नाहीत.

---

मीनलताई

तुमचं म्हणणं खरं आहे, आणि ते आकड्यातसुद्धा दिसतं. दोन संघांच्या जोडीत दोन्ही दिशा वेगळ्या मोजा. समजा हेल्पडेस्ककडून ईआरपीकडे ९० गेली, ईआरपीकडून हार्डवेअरकडे ४० गेली आणि तिकडून ईआरपीकडे फक्त ३ आली. याचा अर्थ ती ४० सुरुवातीलाच चुकीच्या दारात टाकली होती. ते हेल्पडेस्कच्या प्रश्नांचं काम, तुम्ही म्हणता तसं.

पण ईआरपीकडून हार्डवेअरकडे ४० आणि हार्डवेअरकडून ईआरपीकडे ३६ असेल, तर हेल्पडेस्कनं कितीही प्रश्न विचारले तरी फरक पडणार नाही. दोन्ही संघ तेवढ्याच खात्रीनं "आमचं नाही" म्हणताहेत. दोन्ही दिशा जवळपास सारख्या दिसल्या की मी समजते, मध्ये कुणाच्याच नावावर नसलेला तुकडा पडला आहे.

आणि आकडा फक्त कुठे बघायचं ते दाखवतो. पुढे तिकिटं वाचावी लागतात. प्रत्येक वेळी पुढे देताना काय टिपण लिहिलं ते बघा. "आमचं नाही, कृपया बघा" हे टिपण आणि "`COM5` वर PuTTY मधून वजन येतंय, म्हणजे केबलपर्यंत ठीक, आता प्रोग्रॅम कुठला पोर्ट वाचतो ते बघा" हे टिपण, लॉगमध्ये दोन्ही एक-एक ओळच आहेत. पण दुसऱ्यानं तपास एक पायरी पुढे नेला.

यावर अभ्यास झालेले आहेत. २००९ मध्ये जोंग, किम आणि झिमरमन यांनी मोझिला आणि एक्लिप्सचे मिळून सुमारे ४,४५,००० बग रिपोर्ट बघितले. त्यातले ३७ ते ४४ टक्के किमान एकदा दुसऱ्याकडे गेलेले होते. जगभरातल्या हुशार प्रोग्रॅमरांचं हे, तर आपलं काय. मग २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या व्हिस्टाच्या बगांवर एक अभ्यास आला. त्यात पुढे देण्याची पाच कारणं निघाली: मूळ कारण शोधणं, मालक कोण ते ठरवणं, तक्रारच अपुरी असणं, योग्य दुरुस्ती कुठली हे न ठरणं, आणि कामाचा बोजा वाटून घेणं. पाचातलं एकच "मालक कोण" हे आहे. म्हणून साहेबांना सगळा आकडा मालकीच्या नावावर दाखवू नका.

---

निवृत्त_कारखानीस

ताई, अभ्यास ठीक आहे, पण कारखान्यात वचक लागतो. तुमची पाच कारणं मोजत बसलो तर गळीत हंगाम संपेल.

---

ऋतुजा_एचजे

काका, आमच्याकडे वचक बसवला होता. तीनपेक्षा जास्त वेळा फिरलेल्या तिकिटावर संघाचे गुण कापायचे. पहिल्या महिन्यात आकडा इतका खाली आला की वरच्यांनी मिठाई वाटली. झालं असं होतं की लोक तिकीट पुढे देईनात. "निराकरण झाले, नेटवर्क संघासाठी नवीन तिकीट नोंदवावे" असं लिहून बंद करायचे. त्याच बाईनं तीच तक्रार चार वेळा नव्यानं टाकलेली मी बघितली आहे. प्रत्येक तिकिटाचे हात शून्य वेळा बदललेले! बाकीचं सगळं व्हॉट्सअॅपवर ढकलणं चालू.

---

निवृत्त_कारखानीस

हे मात्र आमच्याकडेही झालं असेल. आमच्याकडे तर रजिस्टर होतं, पान फाडायचे.

---

मीनलताई

ऋतुजा म्हणते ते पकडता येतं. तोच तक्रारदार, तेच यंत्र, आणि आधीचं तिकीट बंद झाल्यापासून ४८ तासांत नवीन तिकीट, पण वेगळ्या संघाकडे. अशी तिकिटं जोडून एकच प्रवास धरायचा. चिंचोळीकर, तुमच्याकडे शेरे-गुण नाहीत, त्यामुळे कमी सापडतील, पण बघा.

काकांचा तीनचा नियम मला तसा आवडतो, फक्त लाल शेऱ्याशिवाय. दुसऱ्यांदा परत आलं की तिकीट पुढे द्यायचं बटण बंद, आणि दोन्ही संघांनी एकत्र जाऊन बघायचं. शिक्षा नाही, भेट. व्यंकटेशरावांच्या काकांचा चहा.

---

चिंचोळीकर

चार दिवसांनी परत येतोय. ताईंची क्वेरी चालवली. १,३८० पैकी ३८ तिकिटं दोन किंवा जास्त वेळा परत आलेली. ३८ च म्हटल्यावर दोन संध्याकाळी बसून सगळीच वाचली, शेजारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

त्यातली ६ तर खोटीच निघाली. नोव्हेंबरमध्ये "सिस्टीम" संघाचं नाव बदलून "हार्डवेअर" केलं होतं, आणि तेव्हा उघडी असलेली तिकिटं गठ्ठ्यानं इकडून तिकडे गेली. गोंधळ झाला म्हणून परत आणली, आणि पुन्हा हलवली. सगळ्यांची वेळ एकाच मिनिटातली, त्यावरून ओळखलं. १० मध्ये तक्रारच अर्धवट. "प्रिंट येत नाही." कुठला प्रिंटर, कुठली शेड, काही नाही. ५ मध्ये खरोखर तपास चालला होता, टिपणं वाचून कळतं, एकेका फेरीत एकेक शक्यता बाद होत गेली. ती तिकिटं ज्यांची होती त्यांना खरं तर शाबासकी द्यायला हवी, आणि माझ्या पहिल्या यादीत तीच नावं वर होती!

उरली १७. ही खरी "आमचं नाही, तुमचं आहे" वाली. आणि इथे मी चाटच पडलो. १७ पैकी १२ एकाच जातीची: ईआरपीला जोडलेलं यंत्र. काटे ५, बारकोड प्रिंटर ४, हजेरीचं मशीन ३. बाकी ५ मध्ये काही सूत्र सापडलं नाही.

या बाराही तिकिटांत बिघाड यंत्रात नव्हता आणि ईआरपीतही नव्हता. मधल्या फाइलीत, मधल्या प्रोग्रॅममध्ये, नाहीतर ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये. आमच्याकडे कोणती वस्तू कुणाची याची एक्सेल आहे. तीत काटा मेंटेनन्सचा, पीसी हार्डवेअरचा, ईआरपी ईआरपीचं. ती वजन वाचणारी फाइल कुणाचीच नाही. ज्या व्हेंडरच्या माणसानं ती पहिल्यांदा बसवली तो गेला, आणि त्या एक्सेलमध्ये तिच्यासाठी ओळच नाही.

ताईंच्या दिशांचं गणित या बारांवर केलं. ईआरपी ते हार्डवेअर १९ वेळा, हार्डवेअर ते ईआरपी १७ वेळा.

---

ईआरपीतला_गरीब

१९ आणि १७! तरी आम्ही दोनानं पुढे आहोत म्हणून शिव्या आम्हालाच पडणार.

---

केबलवाला

मग ती फाइल आता कुणाची केली?

---

चिंचोळीकर

तिथेच घोडं अडलंय. काल बैठक घेतली. मी म्हटलं, काटा, केबल, प्रोग्रॅम, फाइल असे तुकडे धरायचेच नाहीत. "काट्यावर कार्टन ठेवल्यापासून लेबल निघेपर्यंत" ही एक ओळ एक्सेलमध्ये घालायची आणि तिच्यापुढे एकच संघ. आत काहीही बिघडो, तिकीट त्या संघाकडेच राहील. त्यांनी दुसऱ्याची मदत मागायची, तिकीट द्यायचं नाही.

ईआरपीवाले म्हणाले, आमचं माणूस रात्रपाळीला नसतं, काटा रात्री बंद पडला तर? हार्डवेअरवाले म्हणाले, माणूस आहे, पण ईआरपीच्या फोल्डरमधली फाइल बदलायचा अधिकार आम्हाला नाही, आणि उद्या लेबल चुकलं तर आमच्या गळ्यात. दोन्ही बरोबर. शेवटी हार्डवेअरकडे दिलं, त्या एकाच फाइलचा अधिकार त्यांना उघडला, आणि ईआरपीवाल्यांनी प्रोग्रॅममध्ये बदल करून द्यायचं कबूल केलं की पोर्ट उघडला नाही तर ०.०० न छापता लेबलच अडवायचं आणि स्क्रीनवर "काट्याचा पोर्ट सापडत नाही" असं यायला हवं. मला वाटतं हे दुसरं जास्त कामाचं आहे. तसा संदेश पहिल्या दिवशी आला असता तर पहिल्याच पोरानं केबल बघितली असती.

बारकोड प्रिंटर त्याच ओळीत बसले. हजेरीच्या मशीनचं मात्र ठरलं नाही. तिथे एचआर म्हणतं डेटा आमचा पण मशीन नाही, मशीनवाला व्हेंडर म्हणतो करार फक्त बॅटरी आणि सेन्सरचा, आणि पगाराच्या तारखेला सगळे माझ्याकडे बघतात.

---

मीनलताई

हजेरीचं वेगळं आहे, कारण तिथे एक बाजू कंपनीच्या बाहेर आहे. बाहेरच्याकडे तिकीट "देता" येतच नाही, कारण त्यानं ते घेतलं नाही तर तुम्ही काही करू शकत नाही. व्हेंडरला संघ म्हणून सिस्टीममध्ये ठेवलं असेल तर काढा. तिकीट आतल्या माणसाकडेच राहू द्या, स्थिती फक्त "व्हेंडरची वाट" अशी. पण मग हे फिरणं हात बदलण्यात दिसणार नाही, ते स्थितीच्या बदलांत मोजावं लागेल. "वाट", "चालू", "वाट", "चालू" असं किती वेळा झालं ते.

आतला माणूस कोण, ते मला इथून सांगता येणार नाही. आमच्याकडे एचआरकडे ठेवलं होतं, आणि मला ते कधीच पटलं नाही.

---

निवृत्त_कारखानीस

हजेरी टाइम ऑफिसची. वादच नाही.

---

चिंचोळीकर

काका, टाइम ऑफिस आमच्याकडे एचआरमध्येच विलीन झालंय दोन वर्षांपूर्वी.

---

निवृत्त_कारखानीस

मग तिथेच गोची आहे.

---

पूर्वभाग_व्यंकटेश

साहेबांना नावांची यादी दिली का शेवटी?

---

चिंचोळीकर

नावांची नाही दिली. बारा तिकिटांची दिली आणि एक्सेलची प्रिंट दिली, ज्यात ती फाइल नव्हती. साहेबांनी बघितलं आणि विचारलं, "मग ही फाइल ताब्यात घेतली कुणी?" मी म्हटलं, व्हेंडरनं बसवली तेव्हा काम पूर्ण झाल्याचा कागद सही करून घेतला होता. कुणाची सही आहे म्हणाले. कागद शोधला. सही माझीच आहे, २०१९ ची.

---

आसरा_चौक

मालक, आता कन्फर्म झालं.

---

केबलवाला

लाल टेप लावली का पण त्या भोकाला?

---

चिंचोळीकर

लावली. आज सकाळी त्या टेपवर कुणाचा तरी चार्जर होता. कन्व्हर्टर तिसऱ्या भोकात. लेबल मात्र बरोबर निघत होतं, कारण मी दोन दिवसांपूर्वी सीरियल नंबरवाला कन्व्हर्टर बसवलाय. कुठल्या कंपनीचा घ्यायचा ते मला व्यक्तिगत संदेशात विचारा, इथे जाहिरात नको.